धोतऱ्याचे विष, फवारणीच्या विषावर उतारा

समजा, पावसाळ्यातली एक संध्याकाळ आहे. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात तासाभरात दोन रुग्ण येतात. पहिला आठ वर्षांचा मुलगा. दुपारी तो मित्रांबरोबर गावाबाहेरच्या उकिरड्याजवळ खेळत होता. घरी आला तेव्हा त्याला खूप तहान लागली होती, पण पाणी गिळता येत नव्हते. थोड्या वेळाने तो असंबद्ध बोलू लागला. चेहरा लालबुंद, अंग तापलेले, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यांचा रंगच दिसेनासा झालेला. समोर कुणी नसताना तो कुणाशी तरी बोलतो आणि बोटांच्या टोकांतून न दिसणारा दोरा ओढत राहतो. “डॉक्टर, पोराला बाहेरचं काही झालंय,” असे आजी म्हणते.

दुसरा रुग्ण चाळिशीतला शेतमजूर. दिवसभर तो कपाशीवर फवारणी करत होता. तो घामाने निथळतो आहे, तोंडातून लाळ आणि फेस येतो आहे. उलट्या, जुलाब झाले आहेत, कपड्यातच लघवी झाली आहे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाडी मिनिटाला ५२. छातीत पाणी खदखदल्यासारखा आवाज येतो आहे.

हे दोन्ही रुग्ण कल्पित आहेत, पण महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांना अनोळखी नाहीत. शेजारच्या दोन खाटांवर त्यांना ठेवले तर ते एकमेकांचे उलटे चित्र वाटतील: एक कोरडा ठणठणीत, दुसरा ओलाचिंब. एकाच्या शरीरात अ‍ॅट्रोपिन नको तितके झाले आहे आणि दुसऱ्याचा जीव वाचवायला तेच अ‍ॅट्रोपिन तातडीने द्यावे लागणार आहे. हे एक औषध नीट समजले की दोघांचीही लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. ती आपोआप उलगडत जातात.

खुर्ची एक, बसणारे दोन

आपल्या शरीरातली अनेक कामे आपण न सांगता चालतात. तोंडाला पाणी सुटते, आतडी हलतात, उजेडात बाहुली आकसते, विश्रांती घेताना हृदय संथ होते. ही कामे ज्या चेतांमार्फत होतात त्यांच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा पदार्थ बाहेर पडतो. तो समोरच्या पेशीवरच्या एका ठरावीक जागेवर, म्हणजे रिसेप्टरवर बसतो आणि पेशी कामाला लागते. शरीराचा हा निरोप एका रसायनातून पोचतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून दाखवले. पुढे १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

अ‍ॅसिटिलकोलिनच्या या रिसेप्टरचे दोन मोठे प्रकार आहेत. ग्रंथी, हृदय, आतडी, मूत्राशय, श्वासनलिका आणि डोळा यांच्यावर असतो तो मस्करिनिक. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर असतो तो निकोटिनिक. अ‍ॅट्रोपिन फक्त पहिल्या प्रकारच्या खुर्चीवर बसते. स्वतः काही काम करत नाही, पण अ‍ॅसिटिलकोलिनला बसू देत नाही. म्हणून या गटाच्या औषधांना अँटिमस्करिनिक म्हणतात.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही खुर्ची कायमची अडवली जात नाही. ज्याची संख्या जास्त, त्याला खुर्ची मिळते. अ‍ॅसिटिलकोलिन नेहमीइतकेच असेल तर थोडेसे अ‍ॅट्रोपिनही भारी पडते. अ‍ॅसिटिलकोलिनचा पूर आला असेल तर मात्र त्याला मागे रेटायला कितीतरी पट अ‍ॅट्रोपिन लागते. त्या मुलाचे आणि त्या मजुराचे गणित इथेच वेगळे होते.

धोतऱ्यात काय असते

अ‍ॅट्रोपिन हे नाव युरोपातल्या अ‍ॅट्रोपा बेलाडोना या झाडावरून आले. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणारी देवता अ‍ॅट्रोपॉस, तिच्यावरून झाडाचे नाव. बेलाडोना म्हणजे इटालियन भाषेत सुंदर स्त्री. झाडाच्या रसाने बाहुल्या मोठ्या होतात आणि डोळे टपोरे दिसतात, म्हणून तिथल्या स्त्रिया तो डोळ्यांत घालत, असे सांगितले जाते.

आपल्याकडे याच कुळाचे झाड म्हणजे धोतरा. पडीक जागेत, रस्त्याकडेला, उकिरड्यावर तो आपोआप उगवतो. शंकराला त्याचे फूल आणि काटेरी फळ वाहतात, त्यामुळे तो सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या पानांत, फुलांत आणि सर्वांत जास्त बियांत हायोसायमिन, अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन अशी एकमेकांची भावंडे शोभणारी द्रव्ये असतात. हायोसिनलाच स्कोपोलामिनही म्हणतात. कोणत्या झाडात, कोणत्या हंगामात ती किती असतील याचा नेम नसतो. म्हणून धोतऱ्याची ‘थोडीशी’ मात्रा अशी कधी ठरवता येत नाही.

विषबाधा बहुधा तीन वाटांनी होते. मुले खेळताना बिया खातात, मोठी माणसे घरगुती उपाय म्हणून पान किंवा बी घेतात, किंवा कुणी गुंगी आणण्यासाठी अन्नात मुद्दाम मिसळते. प्रवाशांना गुंगवून लुटण्यासाठी होणारा हा वापर न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत हमखास असतो. धोतऱ्याची बी मिरचीच्या बीसारखी दिसते, म्हणून दोन्ही वेगळ्या कशा ओळखायच्या हेही त्यांत दिलेले असते. धोतऱ्याची बी तपकिरी, जरा मोठी आणि कडू. मिरचीची पिवळसर आणि तिखट.

कोरडेपणाची पायरी-पायरी

मात्रा वाढत जाते तसे अवयव एकामागून एक या औषधाला शरण जातात आणि तो क्रम बहुतेक ठरलेला असतो. प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपिन दिले तर तोंडाला किंचित कोरड पडते आणि घाम कमी होतो. ग्रंथी सर्वांत आधी बंद पडतात. दोन मिलिग्रॅमला तोंड पार सुकते, हृदय धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचे धूसर दिसते. पाच मिलिग्रॅमच्या आसपास बोलायला आणि गिळायला त्रास होतो, त्वचा कोरडी व गरम होते, आतडी मंदावतात आणि लघवी तुंबते. दहा मिलिग्रॅमच्या पुढे मेंदूचा ताबा सुटतो. भास, बरळणे, तोल जाणे आणि शेवटी बेशुद्धी.

प्रत्येक पायरीमागे साधे कारण आहे. डोळ्यात बाहुली आकसणारा स्नायू सैल पडला की ती उघडीच राहते. भिंग फुगवणारा स्नायूही सैल पडतो, म्हणून दूरचे दिसते पण हातातले वर्तमानपत्र वाचता येत नाही. डोळ्याच्या तपासणीला ड्रॉप घालून घेतलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. उघडी बाहुली काही वयस्कर डोळ्यांत आतल्या पाण्याची वाट अडवते आणि दाब एकदम चढतो. अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना ही औषधे जपून द्यायची ती यासाठी.

हृदयात वेगस नावाची चेता सतत लगाम ओढून असते. अ‍ॅट्रोपिनने लगाम सुटतो आणि ठोके वाढतात. ज्याचा लगाम घट्ट, म्हणजे तरुण निरोगी माणूस, त्याच्यात ही वाढ जास्त. म्हातारपणी ती कमी दिसते. हृदयरोपण झालेल्या रुग्णात वेगसचा धागाच कापलेला असल्याने ती बहुधा दिसत नाही.

लाल चेहरा आणि ताप यांचे मूळ घामात आहे. घाम बंद झाला की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि चेहरा लाल होतो. लहान मुलांत ताप फार लवकर चढतो, मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात तर अधिकच. हा ताप जंतूंचा नसतो. म्हणून पॅरासिटामॉलने तो हलत नाही. ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि पंख्याचा वारा हाच त्यावरचा उपाय.

काखेत हात घालून पाहा

आता त्या मुलाकडे वळू. तापलेले अंग आणि बरळणे पाहून डॉक्टरांच्या मनात आधी मेंदूज्वर येईल, उन्हाळा असेल तर उष्माघात, मोठा माणूस असेल तर दारू सोडल्यानंतरचा भ्रम किंवा नशा. दारू सुटल्यावर किंवा उत्तेजक नशेत बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते, माणूस बरळतो. पण त्याला दरदरून घाम असतो. म्हणून अनुभवी डॉक्टर काखेत हात घालतात. काख कोरडी, तोंड कोरडे, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा आवाज नाही, ओटीपोटात लघवीने फुगलेले मूत्राशय हाताला लागते आणि बाहुल्या उजेड टाकूनही हलत नाहीत. एवढे एकत्र आले की निदान जवळपास पक्के होते. न दिसणारा दोरा ओढणे, अंथरूण चाचपणे ही या भ्रमाची जुनी ओळख. ते अंगात येणे नव्हे, मेंदूतल्या खुर्च्या अडल्याचे लक्षण आहे.

राहते एक विचारणे: “बाळ कुठे खेळत होता? काय खाल्लं?” मोठ्यांपेक्षा बरोबरच्या मुलांना विचारले तर उत्तर लवकर मिळते. काटेरी फळ किंवा बिया सापडल्या तर त्या सोबत आणाव्यात. आणि त्याच्याबरोबरच्या इतर मुलांनाही तपासावे, कारण खाणारा सहसा एकटा नसतो.

उपचाराचा मोठा भाग सांभाळण्याचा असतो. अंग थंड करायचे, सलाइन द्यायचे, नळी घालून लघवी मोकळी करायची, अंधूक शांत खोलीत ठेवायचे. तडफड किंवा झटके असतील तर डायझेपाम किंवा मिडाझोलामसारखे औषध. रुग्ण गिळू शकत असेल किंवा त्याचा श्वासमार्ग सुरक्षित असेल तर वैद्यकीय कोळसा देतात. आतडी थबकलेली असल्याने बिया बराच वेळ आतच राहतात, म्हणून कोळसा जरा उशिराही उपयोगी पडतो. त्याच कारणाने विष हळूहळू शोषले जाते आणि भ्रम एक-दोन दिवस टिकू शकतो. बाहुल्या तर त्यानंतरही काही दिवस मोठ्याच राहतात.

इथे एक चूक सहज घडते. बरळणारा रुग्ण शांत व्हावा म्हणून क्लोरप्रोमाझिन किंवा प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिले जाते. या दोन्ही औषधांचा स्वतःचाच परिणाम काही प्रमाणात अ‍ॅट्रोपिनसारखा आहे, त्यामुळे आगीत तेल पडते.

नेमका उतारा म्हणजे फायसोस्टिग्मिन. ते अ‍ॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला रोखते. मग अ‍ॅसिटिलकोलिन साठत जाते आणि अ‍ॅट्रोपिनला खुर्चीवरून उठवते. त्याच्याच जातीचे निओस्टिग्मिन रुग्णालयात सहज मिळते, पण ते मेंदूत शिरत नाही, म्हणून भ्रमावर निरुपयोगी. फायसोस्टिग्मिन मेंदूत शिरते. प्रौढाला एक ते दोन मिलिग्रॅम, शिरेतून, किमान पाच मिनिटे घेत सावकाश, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून देतात. घाईने दिले तर नाडी मंदावते आणि झटके येऊ शकतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्याच्या गोळ्या जास्त घेतल्याची शंका असेल तर ते टाळतात, कारण त्या गोळ्या हृदयाची वीजवहनाची वाट आधीच बिघडवतात. आपल्याकडे हे औषध अनेक रुग्णालयांत मिळत नाही. सुदैवाने चांगल्या शुश्रूषेवरही बहुतेक रुग्ण बरे होतात.

दुसरी खाट

शेतमजुराच्या शरीरात बरोबर उलटे घडले आहे. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारे तेच एन्झाइम निकामी करतात, पण फायसोस्टिग्मिनसारखे काही काळापुरते नव्हे, तर खोलवर आणि दीर्घकाळ. अ‍ॅसिटिलकोलिनचा पूर येतो. प्रत्येक ग्रंथी पाझरते, आतडी आणि मूत्राशय आवळतात, हृदय संथ होते, बाहुली टाचणीएवढी होते. जीव बहुधा जातो तो फुफ्फुसांमुळे. श्वासनलिका आकसतात आणि त्यांत इतका स्राव भरतो की माणूस जणू स्वतःच्याच पाण्यात बुडतो.

पहिले काम ऑक्सिजन, श्वासमार्ग मोकळा करणे, भिजलेले कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणे. त्याच वेळी अ‍ॅट्रोपिन. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असते. सुरुवात साधारण तीन अँप्युलने, म्हणजे १.८ मिलिग्रॅमने करतात. पाच मिनिटांनी तपासायचे. सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करायची. आपल्या रुग्णात पाच मिनिटांनी छाती तशीच खदखदते आहे, म्हणून ३.६ मिलिग्रॅम. पुन्हा पाच मिनिटांनी नाडी ६० वर येते, घाम तसाच, म्हणून ७.२. त्यानंतर १४.४. विसाव्या मिनिटाला छाती मोकळी ऐकू येते, नाडी ९६, वरचा रक्तदाब ११०, काख कोरडी. एकूण बेरीज २७ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ अँप्युल.

निरोगी माणसाला दहा मिलिग्रॅममध्ये भ्रम होतो आणि इथे २७ मिलिग्रॅमनंतर रुग्ण शुद्धीवर येतो. पुराला मागे रेटायला तेवढे लागले, इतकाच त्याचा अर्थ. आकडा पाहून हात आखडला तर रुग्ण दगावतो. एक-एक अँप्युल देत तास घालवणे ही या उपचारातली ओळखीची चूक. लहान रुग्णालयाची दुसरी अडचण साठ्याची: एका रुग्णाला पहिल्या वीस मिनिटांत ४५ अँप्युल लागल्या तर कपाटात किती उरल्या, हे पावसाळ्याआधीच पाहून ठेवावे लागते.

थांबायचे कुठे, हे ठरवायला पाच गोष्टी पाहतात. छाती मोकळी, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काख कोरडी आणि बाहुली टाचणीएवढी उरलेली नाही. यात छाती सर्वांत महत्त्वाची. बाहुली उशिरा हलते, म्हणून फक्त तिच्याकडे पाहून मात्रा वाढवत राहणे चुकीचे. नुसती नाडी जलद आहे म्हणून औषध रोखणेही चुकीचे, कारण ऑक्सिजन कमी पडल्यानेही ती पळते.

यानंतर सुरुवातीच्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के अ‍ॅट्रोपिन दर तासाला सलाइनमधून सुरू ठेवतात. या रुग्णात २० टक्के म्हणजे तासाला ५.४ मिलिग्रॅम. समजा, पहाटे तो अंथरूण ओढू लागतो, कुणाशी तरी बोलतो, अंग तापते, आतड्यांचा आवाज थांबतो आणि मूत्राशय फुगते. विष परतले अशी शंका येईल. पण काख कोरडी आहे. हा त्या मुलाचा आजार आहे, या खाटेवर आलेला. अ‍ॅट्रोपिन जास्त झाले. सलाइनमधले औषध थांबवायचे, दर काही मिनिटांनी पाहत राहायचे आणि लक्षणे ओसरली की आधीच्या ७० ते ८० टक्के वेगाने, म्हणजे तासाला सुमारे ४ मिलिग्रॅमने पुन्हा सुरू करायचे. काख ओली आणि छाती पुन्हा खदखदत असती तर उलट मात्रा वाढवावी लागली असती.

अ‍ॅट्रोपिनची मर्यादाही इथेच दिसते. ते निकोटिनिक खुर्चीला हात लावत नाही. म्हणून छाती कोरडी झाली तरी मान उचलता न येणे, हातापायांची फडफड, श्वासाचे स्नायू थकणे हे त्याने सुधारत नाही. एक ते चार दिवसांत, सारे ठीक वाटत असताना, रुग्णाचा श्वास मंद होऊ शकतो. तेव्हा व्हेंटिलेटरच कामी येतो. बिघडलेले एन्झाइम सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम नावाचे वेगळे औषधही देतात, पण त्याचा फायदा सर्व रुग्णांत सारखा दिसलेला नाही.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक कीटकनाशक या जातीचे नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी-मजूर आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. तेव्हा शेतांत वापरली जाणारी सारी द्रव्ये ऑर्गनोफॉस्फेट नव्हती. म्हणून रुग्णालयात जाताना औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत नेणे हे नातेवाइकांच्या हातातले मोठे काम आहे.

घरच्या कपाटातली भावंडे

अ‍ॅट्रोपिनचा दोष म्हणजे ते सगळीकडे जाते. पुढची औषधे घडली ती त्याला एका जागी बांधून ठेवण्यासाठी. दम्यासाठी धोतऱ्याच्या वाळलेल्या पानांचा धूर ओढण्याची भारतातली पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला पोचली. आजच्या नेब्युलायझरमधले इप्राट्रोपियम आणि दिवसातून एकदा ओढायचे टायोट्रोपियम ही त्याच कल्पनेची सुधारलेली रूपे. त्यांच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो. त्यामुळे ते श्वासनलिकेत राहतात, रक्तात फारसे उतरत नाहीत आणि मेंदूत शिरत नाहीत. भूलतज्ज्ञ वापरतात ते ग्लायकोपायरोलेट आणि पोटातल्या पेटक्यांवरचे हायोसिन ब्युटिलब्रोमाइड यांचीही हीच युक्ती.

डोळ्यांत प्रश्न मुदतीचा आहे. अ‍ॅट्रोपिनचा ड्रॉप आठवडाभर बाहुली उघडी ठेवतो. चष्म्याच्या तपासणीसाठी तेवढी गरज नसते, म्हणून काही तासांत उतरणारे ट्रोपिकामाइड वापरतात. प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून हायोसिन, पार्किन्सनच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार लघवीची घाई होणाऱ्यांसाठी सोलिफेनासिन, पोटदुखी-पाळीच्या कळांसाठी डायसायक्लोमिन. हृदयाचे ठोके धोकादायकपणे मंदावले तर मात्र आजही साधे अ‍ॅट्रोपिनच, एका वेळी एक मिलिग्रॅम शिरेतून.

यांतले डायसायक्लोमिन घराघरांत असते आणि तिथेच धोका आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला पोटदुखीसाठी ते देऊ नये. अशा बाळांचा श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत.

दुसरा धोका घरातल्या आजी-आजोबांना. सत्तरीतल्या आजोबांना लघवीच्या घाईसाठी एक गोळी चालू आहे. झोप येत नाही म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू झाले. सर्दीसाठी दुकानातून क्लोरफेनिरामिन असलेली गोळी आणली. तिन्ही गोळ्यांची नावे वेगळी, पण तिघी त्याच खुर्चीवर बसतात. चौथ्या दिवशी लघवी अडते, पोट साफ होत नाही आणि रात्री आजोबा मुलांना ओळखत नाहीत. “वय झालं आता,” असे म्हणून हे सोडून दिले जाते. खरे तर ही त्या मुलाचीच लक्षणे आहेत, संथ गतीने आलेली. सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्या धरून, डॉक्टरांसमोर ठेवल्या तर कारण सापडते. नको असलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवली की गोंधळ बहुधा ओसरतो.

एका नजरेत

अ‍ॅट्रोपिन कोणत्या अवयवावर काय करते आणि त्याचा उपयोग कुठे, याची ही उजळणी:

- ग्रंथी: लाळ, घाम, श्वासनलिकेतला स्राव कमी. भूल देताना उपयोग.
- डोळा: बाहुली मोठी, जवळचे धूसर. तपासणीसाठी उपयोग, अरुंद कोनाच्या काचबिंदूत धोका.
- हृदय: ठोके जलद. धोकादायक मंद नाडीवर उपयोग.
- श्वासनलिका: सैल. दमा आणि सीओपीडीत ओढायची औषधे.
- पोट आणि आतडी: मंद. पेटक्यांवर उपयोग, बद्धकोष्ठाचा त्रास.
- मूत्राशय: सैल. लघवीच्या घाईवर उपयोग, प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडण्याचा धोका.
- मेंदू: मळमळ आणि थरथर कमी, जास्त मात्रेत भ्रम.
- विषबाधेची खूण: तापलेला, सुकलेला, लालबुंद, जवळचे न दिसणारा, बरळणारा. आणि काख कोरडी.

दोन दिवसांनी तो मुलगा आईला ओळखतो, पाणी मागतो आणि गटागटा पितो. बाहुल्या अजून मोठ्या आहेत, म्हणून खिडकीतल्या उजेडाकडे पाहताना तो डोळे मिटून घेतो. घरी सोडताना त्याच्या आईला एवढेच सांगितले जाते: डोळे पूर्ववत होईपर्यंत उन्हात फिरू देऊ नका, काही दिवस त्याला पुस्तक वाचायला जमणार नाही म्हणून रागावू नका, आणि उकिरड्याजवळचा तो धोतरा आधी उपटून टाका.